बांबू, शिसं आणि बिनकाडीची धूपकांडी: त्या फॉरवर्डमधलं खरं काय

"अगरबत्तीतला बांबू जाळला की लेड ऑक्साइड तयार होतं, त्याने कॅन्सर होतो. वरून सुगंधासाठी फ्थॅलेट मारलेलं असतं. म्हणून अगरबत्ती आजच बंद करा, बिनबांबूची शेणाची धूपकांडी लावा, ती 100% नैसर्गिक आहे आणि घरातली हवा शुद्ध करते. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे दर श्रावणात येतं. काळजीपोटी पाठवतात लोक, म्हणून नीट उत्तर देतेय.

आधी शिसं. बांबू म्हणजे गवताचीच जात, त्यात असतं सेल्युलोज, लिग्निन आणि थोडी सिलिका. शिसं हा धातू आहे, तो जाळल्याने तयार होत नाही, आधीपासून असेल तरच धुरात किंवा राखेत येणार, आणि बांबूत तो आला तर मातीतून, म्हणजे कुठल्याही झाडात येऊ शकतो तसाच. बांबूची स्वतःची शिशाची खाण वगैरे काही नसते. पावसाळ्यात वसई-पालघरकडच्या बायका वास्ते घेऊन येतात ते बांबूचेच कोंब, आपण भाजी करून खातो की. कुणाला श्रद्धेपोटी बांबू जाळायचा नसेल तर तो मान ठेवायलाच हवा, पण त्याला शिशाचं कारण जोडू नका.

कारण शिसं खरंच आहे, ते देवघरातच आहे, फक्त दुसऱ्या डबीत. मारुतीला, गणपतीला लावतो तो शेंदूर पारंपरिक पद्धतीने म्हणजे चक्क शिशाचं ऑक्साइड. 2017 मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या लोकांनी भांगात भरायच्या सिंदुराचे 118 नमुने तपासले, त्यातले 23 भारतातले, मुंबई आणि दिल्लीचे. भारतातल्या 43% नमुन्यांत शिसं अमेरिकेच्या कॉस्मेटिकच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे ग्रॅममागे 20 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघालं. त्यामुळे भुलेश्वरहून किंवा दादरहून सुटा शेंदूर आणाल तेव्हा पुडी हातात घेऊन बघा, तेवढ्याच कुंकवाच्या पुडीपेक्षा खूपच जड लागली तर ती भांगात भरायची नाही, कपाळाला लावायची नाही आणि रांगणाऱ्या पोराच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही. हलकी लागली म्हणजे शुद्ध असंही नाही हं, थोडं शिसं वजनाने कळत नाही, ते लॅबमध्येच कळतं. मूर्तीला लावलात तर हात साबणाने धुऊन मग प्रसाद वाटा.

आता फ्थॅलेट. हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. बाजारातल्या बऱ्याच अगरबत्त्या अशा बनतात की कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी जिगट मळून काडीवर चढवतात, ती झाली कच्ची बत्ती, तिला वास नसतो. मग ती सेंटमध्ये बुडवतात आणि सेंट पातळ करायला डीईपी म्हणजे डायइथाइल फ्थॅलेट वापरतात. प्लास्टिकमधल्या ज्या फ्थॅलेटवर जगभर बंधनं आहेत त्या डीईएचपी, डीबीपी, हे त्यातलं नाही, पण तरी जाळून नाकात ओढण्यात काही फायदा नाही, टाळता आलं तर टाळावंच. ओळखायचं कसं, तर एक काडी टिश्यू पेपरवर रात्रभर ठेवा, सकाळी तेलकट डाग पसरलेला दिसला तर ती बुडवलेली आहे. डाग डीईपीचा की दुसऱ्या तेलाचा हे घरी कळत नाही, तेवढी मर्यादा आहे या टेस्टची. मसाला अगरबत्तीत सुगंधी पूड, राळ, हलमड्डी नावाचा झाडाचा डिंक वगैरे पिठातच मळतात, तिचा डाग अगदी कमी येतो आणि न पेटवता वासही मंद असतो.

आणि खरा प्रॉब्लेम यात कुठेच लिहिलेला नाही, तो म्हणजे धूर. बांबूचा असो, शेणाचा असो, मंदिरातल्या फुलांचा असो, धुमसत जळणारी कुठलीही वस्तू बारीक कण सोडते. 2008 च्या एका आढावा लेखात अगरबत्तीच्या ग्रॅममागे साधारण 45 मिलिग्रॅम कण दिलेत, सिगारेटचे ग्रॅममागे 10. आता आपल्या खोलीचा हिशोब करा. 10 बाय 10 ची खोली, 9 फूट उंची, म्हणजे साधारण 25 घनमीटर हवा. एक ग्रॅम माल जळला आणि खिडक्या पूर्ण बंद असल्या तर घनमीटरला 1800 मायक्रोग्रॅमपर्यंत जातं. डब्ल्यूएचओची 24 तासांच्या सरासरीची मर्यादा 15 आहे, आपल्या देशाची 60. प्रत्यक्षात फटीतून हवा जाते, कण भिंतीवर बसतात, म्हणून आकडा खाली येतो, शिवाय धूर तासाभरात विरतो आणि मर्यादा दिवसभराची आहे, पण पावसाळ्यात खिडक्या लावून बसलेल्या चाळीतल्या खोलीत खोकला का सुटतो ते यावरून समजतं.

याच हिशोबात बिनकाडीची धूपकांडी बसवा. काडी नाही म्हणून ती जाड करावी लागते आणि टोकापर्यंत सगळा माल जळतो. 50 ग्रॅमच्या पाकिटात 20 कांड्या म्हणजे एक अडीच ग्रॅमची. एका पातळ काडीवर जेमतेम ग्रॅमभर मसाला असतो. मग धूर कशाचा जास्त? शेणाने ऑक्सिजन तयार होतो असंही काही जण म्हणतात, पण शेण जळताना ऑक्सिजन खर्च होतो, तयार होत नाही, आणि हवा शुद्ध होते म्हणणाऱ्यांनी गावी चुलीपाशी बसणाऱ्या आजीचे डोळे आठवावेत. पाकिटावर "चारकोल फ्री" म्हणजे कोळसा नाही असं छापतात, त्याचंही तसंच, कोळशाचा धूर लाकडाच्या भुशापेक्षा कमी दिसतो, पण कार्बन मोनॉक्साइड जास्त सोडतो, म्हणजे दोन्हीकडे काही ना काही आहेच.

कॅन्सरचं म्हणाल तर सिंगापूरमध्ये 61 हजारांवर चिनी लोकांचा अभ्यास झालाय, 2008 मध्ये छापून आला. वर्षानुवर्षं घरात उदबत्ती जाळणाऱ्यांमध्ये नाक-घसा-तोंडाच्या काही कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं, फुफ्फुसाच्या कॅन्सरशी एकूणात संबंध दिसला नाही. त्यामुळे भीती अगदीच खोटी नाही, फक्त ती बांबूवर ढकलून चालणार नाही.

मग कुठली घ्यायची. सायकल म्हणजे म्हैसूरची एन. रंगा राव अँड सन्स, 1948 पासूनची, आणि आयटीसीची मंगलदीप, या मोठ्या नावांचा फायदा हा की पाकिटावर उत्पादकाचा पत्ता, बॅच, वजन नीट असतं आणि तक्रार करायला कोणीतरी सापडतं. पण सायकलचं "झिरो कार्बन" हे कंपनीच्या कार्बनच्या हिशोबाबद्दल आहे, तुमच्या खोलीतल्या धुराबद्दल नाही. कानपूरची फूल मंदिरातल्या वाहिलेल्या फुलांपासून बनवते, कोळसा घालत नाही, कल्पना मला मनापासून आवडते, पण धूर तिलाही आहेच. मी स्वतः हाताने वळलेली पातळ मसाला काडी घेते, कुठल्याही ब्रँडची, "डीईपी नाही" असं छापलेली मिळाली तर तीच.

डिसेंबर 2025 मध्ये बीआयएसने अगरबत्तीचं नवं मानक आणलंय, IS 19412. त्यात ॲलेथ्रिन, पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फिप्रोनिल अशी कीटकनाशकं आणि सेंटमधली काही रसायनं घालायला मनाई आहे. पाकिटावर आयएसआयच्या खुणेसोबत हा नंबर आहे का बघा. मच्छर पळवणारी म्हणून जी स्वस्त काडी टपरीवर मिळते तिच्यावर सीआयआर नंबर म्हणजे कीटकनाशकाचा सरकारी नोंदणी नंबर नसेल तर ती घेऊच नका, देवासमोर तर नाहीच.

आणि घरी दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर काडी अर्धी मोडून लावा, खिडकी उघडी ठेवा, आरती झाली की पाण्यात विझवा.