खाच ५ मिमी आहे? मग आता त्यातला बार मोजा

फॉरवर्ड असा आहे: "टायर घेताना फसू नका!! १) कडेवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे महिना आणि वर्ष. २) तारीख एकाच बाजूला असेल किंवा चौकटीत चिकटवल्यासारखी दिसली तर टायर डुप्लिकेट. ३) रबराचे केस असतील तर नवाकोरा, रिमोल्ड असूच शकत नाही. ४) जुना घेताना फक्त खाच मोजा, ५ मिमी असेल तर बिनधास्त घ्या. सगळ्यांना पाठवा."

मला हे मावसभावाने पाठवलं, आणि पाठवलं तेव्हा साहेब चौथा मुद्दा वाचून कारसाठी एक सेकंडहँड टायर उचलून मोकळे झाले होते. म्हणून आधी चौथाच घेतो, बाकीचे नंतर उरकू.

खाच खोल दिसते याचा अर्थ टायर कमी चाललाय असा होतोच असं नाही. पार गुळगुळीत व्हायला आलेल्या टायरच्या जुन्याच खाचांमधून गरम ब्लेड फिरवून त्या अजून खाली कापता येतात, वर काळं पॉलिश मारलं की टायर एकदम ताजा दिसतो. ट्रकच्या काही टायरमध्ये यासाठी खालचं रबर मुद्दाम जाड ठेवलेलं असतं आणि कडेवर 'रीग्रूव्हेबल' असं लिहिलेलं असतं, तिथे हे रीतसर काम आहे. कारच्या टायरमध्ये मात्र खाचेचा तळ आणि स्टीलचे पट्टे यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन मिमी रबर असतं, तेच कापलं तर उरलं काय? खडा लागला की तार उघडी, तारेला पाणी लागलं की गंज, गंजलेली तार रबराला धरून राहत नाही आणि मग भर वेगात वरचा ट्रेडच, म्हणजे रस्त्याला लागणारा रबराचा थरच, सोलून निघतो. म्हणजे जो आकडा बघून हा मेसेज निर्धास्त व्हायला सांगतोय तो आकडाच ब्लेडने बनवलेला असू शकतो.

मग ओळखायचं कसं, तर बारवरून. मुख्य खाचांच्या तळाशी ठराविक अंतरावर आडवा रबराचा उंचवटा असतो, झीज कळण्यासाठी. तो कुठे आहे ते शोधायला टायरच्या खांद्यावर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, तिथून सरळ आत बघायचं. कारच्या टायरमध्ये हा बार तळापासून १.६ मिमी उंच असतो आणि टायर झिजला म्हणून ही उंची बदलत नाही, झिजतो तो वरचा ट्रेड. निदान बार वर येऊन रस्त्याला लागेपर्यंत तरी.

आता भावाच्या टायरचं गणित. डेप्थ गेज घेऊन गेलो. खाच बरोबर ५ मिमी. त्याचा चेहरा खुलला. मग गेज बारवर ठेवला, तर ट्रेडच्या पृष्ठभागापासून बारचा माथा अर्धा मिमीसुद्धा खाली नव्हता, साधारण ०.४. म्हणजे बारची उंची ५ वजा ०.४, झाली ४.६ मिमी. ती असायला हवी होती १.६, मग हे वरचे ३ मिमी आले कुठून? तळ तेवढा खाली कापलाय म्हणून. कापण्याआधी या टायरची खरी खाच २ मिमी उरली होती, म्हणजे टायर जवळपास संपलेला होता. टायर खरंच ५ मिमी शिल्लक असलेला असता तर बारचा माथा ३.४ मिमी खाली सापडला असता. एवढं एक मापच पुरतं.

कापणारा जरा चलाख असेल तर ब्लेड बारमधूनही नेतो. मग बार मधोमध तुटलेला दिसतो आणि खाचेच्या दोन्ही भिंतींना त्याचे तुकडे चिकटून राहतात, किंवा खांद्यावर खूण आहे पण आत बारच नाही असं होतं. साच्यातून आलेल्या खाचेचा तळ गुळगुळीत आणि कोपऱ्यात गोलसर असतो, कापलेल्याचा खडबडीत, कधी लाटा लाटा असलेला. खाचांच्या मधल्या रबराच्या ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या पण बघा. ब्लेडवाला त्यांच्या वाटेला जात नाही, त्यामुळे खाच ५ मिमी आणि चिरा पुसट होत आलेल्या असा विचित्र मामला दिसतो. काही टायरच्या चिरा मुळातच उथळ असतात, त्यामुळे नुसत्या चिरांवरून निकाल देऊ नका, बारवरून द्या. बाइकच्या टायरमध्ये बार बऱ्याचदा ०.८ मिमीचाच असतो, वजाबाकी करताना ते लक्षात ठेवा.

आता बाकीचे. तारीख बघा हे बरोबर आहे, तेवढं श्रेय देतो, पण पहिले दोन आकडे आठवड्याचे आहेत हो! १२२३ म्हणजे डिसेंबर २०२३ नाही, २०२३ चा १२ वा आठवडा, म्हणजे मार्च. ३८२३ आला की हे लोक कुठला महिना काढतात देव जाणे. आणि तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, तो फुकट मिळाला तरी घेऊ नका.

एकाच बाजूच्या तारखेबद्दल तर थेट नियमच आहे. ही तारीख ज्याच्या शेवटी असते तो कडेवरचा डॉट कोड ज्या अमेरिकन नियमातून आला त्या ४९ सीएफआर भाग ५७४ मध्ये तारखेसकट पूर्ण कोड एका बाजूला असला की पुरतो, दुसऱ्या बाजूला तारीख नसलेला अर्धा कोड चालतो. टायर बसवताना तारखेची बाजू आत गेली की बाहेरून दिसत नाही, एवढंच. चौकटीचं कारण अजून साधं आहे, आकडे आठवड्याला बदलायचे म्हणून साच्यात त्यांचा वेगळा छोटा तुकडा बसवतात आणि त्याची कड रबरावर उमटते. तारीख लेसरने कोरायलासुद्धा याच नियमात परवानगी आहे, त्यामुळे आकडे वर उठलेले नाहीत म्हणूनही घाबरू नका. संशय घ्यायचा तो आजूबाजूचं रबर घासलेलं असेल किंवा नख लावल्यावर आकड्यांचा तुकडाच उचलला जात असेल तेव्हा.

आणि याच नियमात अजून एक गोष्ट आहे जी फॉरवर्डवाल्याला माहीतच नाही: रिट्रेड करणारा, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवणारा, स्वतःचा कोड टाकतो आणि त्यातली तारीख रिट्रेड केलेल्या आठवड्याची असते. म्हणजे ताज्या तारखेच्या आतला सांगाडा कितीही जुना असू शकतो. रीतसर केलेल्यावर डॉटच्या जोडीला आर किंवा सरळ 'रिट्रेड' लिहिलेलं सापडतं, चोरीछुपे केलेल्यावर अर्थातच नाही.

केसांचं काय सांगू. साच्यात हवा जायला भोकं असतात, त्यातून रबर बाहेर येतं ते केस. रिमोल्ड पण साच्यातच भाजला तर त्यालाही केस येणारच की! उलट काही साच्यांत हवेची भोकं स्प्रिंगने बंद होणारी असतात, त्यातून निघालेल्या नव्या टायरला केस नसतात. त्यापेक्षा टायर सुटा असेल तर आत हात घाला. आतल्या बाजूला जुना पंक्चरचा पॅच, रिमवर बसणाऱ्या कडेला लिव्हरचे ओरखडे, खांद्यावर नवं रबर जिथे संपतं तिथे गोल फिरलेली जोडाची रेघ, आणि पॉलिश पुसल्यावर साइडवॉलवर बारीक भेगा. यातलं काहीही 'नव्या' टायरवर दिसलं तर तो तिथेच ठेवून या.

भावाचा टायर परत घ्यायला विकणारा तयार नाही. मी भावाला म्हटलं, स्टेपनीत पण ठेवू नकोस, साइडवॉलला आरपार कापून टाक, नाहीतर तोच टायर पुन्हा पॉलिश होऊन दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला लागेल.