आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आज सकाळी भाचीने मराठी म्हणींची एक स्लाइडमाला पाठवली. प्रत्येक म्हणीचा शब्दशः अर्थ, खरा अर्थ आणि आजच्या जगण्यातला वापर, अशी तिची मांडणी आहे. ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ या म्हणीपाशी मात्र माझे डोके फिरले. खरा अर्थ म्हणून तिथे ‘प्रयत्न केल्याशिवाय यश मिळत नाही’ असे छापले आहे, आणि आजचा वापर म्हणून ‘रिचार्ज केला नाही, तर रील कसे बघणार?’

अहो, ही म्हण प्रयत्नांविषयी नाहीच! आडाला पायऱ्या नसतात. रहाटावरून दोर सोडायचा आणि पोहरा वर ओढायचा. उन्हाळ्यात माझ्या आत्याच्या वाड्यातल्या आडाचे पाणी खाली गेले की ती दोराला दुसरा दोर गाठ मारून जोडत असे. मग पोहरा बुडल्याचा आवाज येण्याऐवजी तो तळाला खरवडल्याचा आवाज येई आणि वर यायचा तो बोटभर गढूळ पाण्यासह. प्रयत्न पुरेपूर होता, हाताला घट्टे पडले होते, पण पाणी नव्हते. उगमातच जे नाही ते बाहेर दिसणार नाही, एवढेच ही म्हण सांगते.

आत्याने ती आडाच्या काठावर कधीच उच्चारली नाही. तिथे ती सरळ ‘आज पाणी नाही’ म्हणायची. म्हण निघाली ती माझा आतेभाऊ इंग्रजीत नापास झाला तेव्हा. मास्तर त्याला घरी येऊन ‘ढ’ म्हणाले, आणि स्वतः धडा वाचताना अडखळणाऱ्या त्या मास्तरांना आत्याने पाण्याचा तांब्या देत शांतपणे ही म्हण ऐकवली. रिचार्जच्या उदाहरणात असा खोचक रोख कुठे आहे?

शब्दशः अर्थाची चौकट बरी आहे, हे मान्य करते. आड न पाहिलेल्या मुलांना तिची गरज आहेच. हीच म्हण ‘बापच अडाणी, तर पोरगा काय शिकणार’ अशा टोमण्यासाठीही वापरली जाते, हेही खरे, आणि ते मला आवडत नाही. आत्याचा आड तरी रात्रभरात पाझरून सकाळी दोन घागरी पाणी देत असे. माणसाला कायमचे कोरडे ठरवणाऱ्यांना एवढेही सुचत नाही.

भाची बिचारी हौसेने पाठवते, तिच्यावर राग नाही. तिला मी तिसऱ्या चौकटीसाठी एक उदाहरण लिहून पाठवले आहे: बँकेच्या नव्या योजनेची माहिती साहेबांनी खिडकीवरच्या मुलीला दिलेलीच नाही आणि ग्राहक तिच्यावर ओरडत आहेत, तेव्हा रांगेतल्या एखाद्या आजोबांनी साहेबांच्या केबिनकडे पाहत ही म्हण म्हणावी.