लोकलमधला ‘छोटापन’ आणि घरची मोजपट्टी

ठाणे-वाशी लोकलमध्ये दाराजवळ ‘छोटापन, शर्तिया इलाज’ असे कागद चिकटवलेले असतात. मी कोपरखैरण्यात दवाखाना चालवतो. ते कागद वाचून लिंगाच्या लांबीच्या काळजीने झोप उडालेले तरुण माझ्यासमोर येऊन बसतात आणि मला मनापासून राग येतो, त्यांचा नाही, कागद चिकटवणाऱ्यांचा.

लग्न ठरलेला एक सव्वीस वर्षांचा मुलगा आला होता. त्याच्या परवानगीने लिहितोय. ‘डॉक्टर, माझं सातच सेंटिमीटर आहे. लग्नाला नाही म्हणू का?’ त्याने मोजलं होतं थंड पाण्याने आंघोळ केल्यावर, लिंग शिथिल असताना. गारठ्यात आणि भीतीत ते आखडतंच. शिवाय शिथिल लांबीवरून ताठरल्यावर किती होईल, हे सांगता येत नाही. मी त्याला नीट मोजून दाखवलं. पट्टी वरच्या बाजूने ठेवायची, मुळाशी हाडाला लागेपर्यंत दाबायची (तिथली चरबी लांबी लपवते) आणि लिंग हलकेच ताणून टोकापर्यंत मोजायचं. साडेबारा आलं. तो बराच वेळ पट्टीकडेच बघत होता.

2015 साली पंधरा हजारांहून जास्त पुरुषांची मापं एकत्र करून पाहिली गेली. ती मापं तज्ज्ञांनी घेतलेली होती, पुरुषांनी स्वतः सांगितलेली नव्हती. ताठरलेल्या लिंगाची सरासरी निघाली साधारण 13 सेंटिमीटर. शंभरातले नव्वद पुरुष ढोबळमानाने 10 ते 16 मध्ये बसतात. मग एवढी भीती येते कुठून? पॉर्नमध्ये निवडून घेतलेली माणसं असतात आणि कॅमेरा जवळ असतो. आपलं स्वतःचं मात्र आपण वरून खाली बघतो, त्यामुळे ते आखूड दिसतं. ताणूनही साडेसातच्या आत असेल, तर तज्ज्ञाला दाखवावं. तेल चोळून लांबी वाढत नाही. आणि कुणी पॅराफिन किंवा सिलिकॉन टोचायला निघालं, तर तिथून सरळ उठून या. त्याच्या गाठी होतात, कातडी सडते, आणि शेवटी टोचलेलं ते कापून काढावं लागतं.

मुलींची काळजी ब्राच्या कपवर येऊन थांबते. ‘माझा बी कपच आहे’ असं म्हणतात. पण कप म्हणजे छाती आणि छातीखालचा घेर यांतला फरक. म्हणून 32 चा बी आणि 38 चा बी यांत भरणारं स्तन सारखं नसतं. नुसत्या अक्षराला काही अर्थ नाही. एक स्तन दुसऱ्याहून थोडं मोठं असणं अगदी नेहमीचं आहे, पाळीआधी दोन्ही जड होणंही. आकार बराचसा चरबीने ठरतो, दूध ग्रंथींत तयार होतं. त्यामुळे ‘लहान आहे, बाळाला पुरेल का?’ हा सासरच्यांचा प्रश्न त्या मुलीने मनाला लावून घेऊ नये.

मात्र एकाच बाजूचा आकार नव्याने बदलला, गाठ हाताला लागली, बोंड आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.