पगाराची थकबाकी आणि 10E फॉर्म: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

सध्या फिरणारा मेसेज म्हणतो: “थकबाकी मिळाली की त्या जुन्या वर्षाचं रिटर्न सुधारून भरा, 10E ची गरज नाही.”

हे चूक आहे. थकबाकी साधारणपणे मिळाली त्याच वर्षाच्या उत्पन्नात धरतात. जुनं रिटर्न तसंच राहतं. त्यामुळे बसणाऱ्या जादा कराचा भार १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ८९ हलका करतं, आणि ती सवलत मागायचा फॉर्म म्हणजे 10E.

समजा, २०२०-२१ ची १ लाख थकबाकी २०२३-२४ मध्ये मिळाली. जुन्या करप्रणालीत, थकबाकी सोडून करपात्र उत्पन्न २०२३-२४ मध्ये १०.५ लाख, २०२०-२१ मध्ये ७ लाख. थकबाकीवर २०२३-२४ मध्ये उपकरासह ३१,२०० कर बसतो, २०२०-२१ मध्ये २०,८०० बसला असता. फरक १०,४०० ही सवलत. २०२०-२१ मध्येही थकबाकीवरचा दर ३० टक्केच असता, तर हाती काहीच आलं नसतं.

10E आयकर पोर्टलवर, रिटर्नच्या आधी भरा. ऑफिसात दिलेला कागद पुरत नाही. माझ्या एका सहकाऱ्याची सवलत तिथेच अडकली.

आयकर अधिकाऱ्याने सवलतीबद्दल विचारलं तर नोटिशीतल्या मुदतीत पोर्टलवरच उत्तर द्या. सोबत 10E ची पोच, ऑफिसचा वर्षवार थकबाकी तक्ता आणि दोन्ही वर्षांची आकडेमोड जोडा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.