नॉमिनेशन लिहिताय? मग कलीगला काही विचारू नका

कलीगचं नाव ॲवॉर्डला पाठवायचंय आणि फॉर्म सहाला बंद होतोय? मग गेल्या वर्षीचा राइट-अप उचला आणि नाव बदला. मेहनती, प्रामाणिक, सदैव हसतमुख, टीमचा कणा. आमच्या महापेच्या ऑफिसात एकाने हेच केलं, फक्त तिसऱ्या ओळीतल्या 'तो'चं 'त्या' करायचं राहिलं, तरी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण असली वाक्यं गेटवरच्या वॉचमनकाकांनाही बसतात आणि एमडींनाही.

मी काय माती खाल्ली ते ऐका. अकाउंट्समधल्या मॅडमसाठी 'अत्यंत तत्पर' लिहून झालं होतं, आणि उगाच विचारलं, "मॅडम, तत्पर म्हणजे नक्की काय केलंत?"

"अहो काही नाही, चलनं आणत होते."

झालं, फसलो. माल गेटवर यायचा पण स्टोअरची एंट्री चार-पाच दिवसांनी पडायची, तोवर बिल पीओशी, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरशी, जुळायचं नाही आणि छोट्या सप्लायरचे पैसे अडकायचे. मॅडम रोज चारला खाली जाऊन मालासोबत आलेल्या चलनांचा गठ्ठा घ्यायच्या, स्टोअरच्या पोराशेजारी बसून त्याच दिवशी एंट्री करून घ्यायच्या. कायद्याने मायक्रो-स्मॉल सप्लायरला करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर 15, आणि 2023-24 पासून मुदत उलटून मार्चअखेर थकलेलं बिल त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून वजा मिळत नाही. हे सगळं 'तत्पर'खाली किती छान झाकलेलं होतं!

कोणतं बिल किती दिवस थकलंय ते सांगणारा एजिंग रिपोर्ट तर उघडूच नका. मी उघडला. गेल्या 31 मार्चला 45 दिवसांवरची 38 बिलं, यंदा 6. '84 टक्के घट' लिहून मोकळा झालो असतो, पण तीनाचं एक झालं तरी 67 टक्के घट होते, म्हणून दोन्ही आकडे तसेच ठेवले. मग शंका, बिलंच कमी आली असतील तर? ती पण मोजली, 410 ची 390, म्हणजे जवळपास तेवढीच. उरलेल्या सहातली चार क्वालिटीच्या भांडणात अडकलेली, ती मॅडमच्या हातातलीच नव्हती, तेही लिहावं लागलं. एंट्रीचं श्रेय स्टोअरच्या पोराला द्यावं लागलं. आणि वर तुर्भ्याच्या खोकेवाल्याचा मेल जोडला, जो वैतागून ॲडव्हान्स मागत होता आणि आता परत तीस दिवसांच्या उधारीवर आलाय. 'कंपनीची प्रतिमा उंचावली' या माझ्या लाडक्या वाक्याचा बळी गेला तो इथे.

फॉर्म पाठवायला पावणेसहा झाले. मॅडमना एकदा वाचायला दिला. त्यांनी सगळे आकडे रिपोर्टशी ताडून बघितले, एक तारीख दुरुस्त केली आणि अजिबात न हसता विचारलं, "ते 'हसतमुख' होतं ना, ते का काढलंत?"