अंगठा कुणी दिला ते सोडा, कशाखाली दिला ते बघा

ऑफिसच्या चॅटवर आलेला 👍 उद्धटपणाचा की नाही, यावरून आमच्याकडे डबा खाताना परवा पुन्हा जुंपली. पन्नाशीच्या बाजूचं म्हणणं, आजकालची पोरं भलती हळवी, अंगठ्यातसुद्धा अपमान शोधतात. पंचविशीच्या बाजूचं म्हणणं, सरांचा नुसता अंगठा आला की 'कळलं, आता डोकं खाऊ नकोस' असंच ऐकू येतं. २०२२ मध्ये हाच वाद नेटवर जगभर रंगला होता आणि तेव्हाही तो तरुण विरुद्ध जुने असाच करून टाकला गेला. मला ही वाटणी पटत नाही. पंचविशीतली हीच मुलं आपापसात दिवसभर अंगठे देतात आणि कुणाला काही वाटत नाही. आणि आमच्याच पन्नाशीच्या एका मॅडम वरून अंगठा आला की जेवत नाहीत. (जेवतात, पण बोलत नाहीत.)

माझं म्हणणं असं की अंगठ्याचा अर्थ अंगठ्यात नसतो, त्याच्या वरच्या मेसेजमध्ये असतो. मी अकाउंट्समध्ये आहे, तेव्हा उदाहरण तिथलंच देते.

आमच्याकडे महिन्याच्या १४ ते २० तारखा म्हणजे मान वर करायची सोय नाही. १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या बिलांचं पत्रक, तयार होतं आणि २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे आपलं महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं. एखाद्या पुरवठादाराने त्याचं रिटर्न वेळेत भरलं नसेल तर त्याचं बिल आपल्या २बीमध्ये येत नाही, आणि तिथे न दिसणाऱ्या बिलावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, त्या महिन्यात घेता येत नाही. आमच्या टीममधल्या एका मुलीला अशी दोन बिलं सापडली. सगळी जुळवाजुळव संपवून तिने संध्याकाळी साडेसातला सरांना लिहिलं:

"सर, रिकन्सिलिएशन झालं. दोन व्हेंडरची बिलं २बीमध्ये दिसत नाहीयेत, त्यांचं क्रेडिट सोडून ३बी भरते. त्यांचं पेमेंट उद्याच्या लॉटमध्ये आहे, ते होल्ड करू की जाऊ दे? आणि त्यांना मेल मी करू की परचेसवाले करतील?"

उत्तर: 👍

आता या मेसेजमध्ये काय काय आहे बघा. एक निरोप आहे, काम झालं. एक निर्णय आहे, क्रेडिट सोडते. आणि दोन प्रश्न आहेत, दोन्ही 'हे की ते' जातीचे. निरोपाला अंगठा चालतो, निर्णयालाही चालतो. 'हे की ते'ला अंगठा कसा चालणार? पेमेंट होल्ड करायचं की सोडायचं, याचं उत्तर त्या अंगठ्यात कुठेच नाही. ती फोन घेऊन माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. तिच्या डोक्यात तेवढ्या वेळात तीन गोष्टी तयार झाल्या होत्या. एक, सरांनी वाचलंच नाही. दोन, वाचलं, पण 'एवढंसुद्धा विचारावं लागतं का हिला' म्हणून वैतागले. तीन, 'कर तुला हवं ते', म्हणजे चुकलं तर निस्तर तूच. पुन्हा विचारायची तिची हिंमत होईना, कारण दुसरी शक्यता खरी असेल तर पुन्हा विचारणं म्हणजे आगीत तेल. तिने आपल्या मनाने पेमेंट होल्ड केलं. दुसऱ्या दिवशी व्हेंडरचा फोन थेट सरांना, आणि सर केबिनच्या दारातून, "होल्ड कुणी करायला सांगितलं?"

सरांची बाजू नंतर चहाला कळली. ते सिग्नलला उभे होते. लॉक स्क्रीनवर मेसेजचा फक्त वरचा भाग दिसला, 'रिकन्सिलिएशन झालं', आणि त्यांनी शाबासकी म्हणून अंगठा ठोकला. हो, शाबासकी! जो अंगठा तिने रात्रभर वैताग म्हणून वाचला, तो त्यांनी कौतुकाचा म्हणून दिला होता.

म्हणजे एका अंगठ्याचे निदान तीन अर्थ चालू असतात: पोचलं, मान्य आहे, आणि आता विषय पुरे. देणारा पहिल्या दोनांपैकी एक धरून देतो आणि घेणारा तिसरा वाचतो. हे फक्त आपल्याकडच्या नाजूक मनांचं प्रकरण नाही, यावर कोर्टात खटला झालाय. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात २०२१ च्या मार्चमध्ये एका धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीच्या माणसाने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि लिहिलं, करार कन्फर्म करा. ८६ टन जवस, १७ डॉलर बुशेल, नोव्हेंबरमध्ये द्यायचं. शेतकऱ्याने 👍 पाठवला. नोव्हेंबरपर्यंत जवसाचा भाव कुठल्या कुठे गेला आणि माल काही आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, माझा अंगठा म्हणजे 'करार पोचला' एवढंच, वाचून मान्य केला असं मी कुठे म्हटलं? कंपनीचं म्हणणं, अंगठा म्हणजे मान्य. २०२३ मध्ये कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, सुमारे ८२ हजार डॉलरची भरपाई. पुढे अपिलातही बहुमताने तोच निकाल टिकला.

मला यातला पैशाचा आकडा तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे की न्यायाधीश अर्थापर्यंत पोचले कसे. त्यांनी या दोघांमधले आधीचे मेसेज बघितले. यापूर्वीही असेच करार फोनवर आले होते, शेतकऱ्याने 'लुक्स गुड', 'ओके', 'यप' एवढंच लिहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी माल वेळेवर पोचवला होता. त्या रांगेत हा अंगठा बसवला की त्याचा अर्थ लागला.

ऑफिसातही वाचणारा नेमकं हेच करतो, फक्त नकळत. समोरचा माणूस एरवी कसा लिहितो, हे त्याच्या डोक्यात जमा असतं. जे सर सगळ्यांना, सगळ्यालाच अंगठा देतात, त्यांच्या अंगठ्याचं कुणी मनाला लावून घेत नाही. पण जी मैत्रीण रोज 'हो गं, पाठवते, थँक्यू!' लिहिते, तिचा एके दिवशी नुसता अंगठा आला की पोटात गोळा येतो. काहीतरी बिनसलंय. आणि बरेचदा खरंच बिनसलेलं असतं, तिथे वाचणारा हळवा नसतो, हुशार असतो. म्हणून शंका आली की मी आधी चॅट वर सरकवून बघते. त्या माणसाची सवयच ही असेल तर सोडून द्यायचं. कालपर्यंत शब्द होते आणि आजच अंगठा आला असेल, किंवा त्याच ग्रुपवर बाकीच्यांना वाक्यं आणि तुम्हालाच अंगठा असेल, तर विचारायला जागा आहे.

यावरून आठवलं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ च्या सुमारास एक प्रयोग झाला होता. मेसेजला आलेल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर वाचणाऱ्यांना ते उत्तर कमी मनापासून दिल्यासारखं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर असताना पूर्णविरामाने काही फरक पडला नाही. आवाज आणि चेहरा नसला की माणूस टिंबातसुद्धा सूर शोधतो, मग अंगठा तर केवढा मोठा! व्हॉट्सॲपवर तर एकटा पाठवलेला इमोजी मोठा होऊनच उमटतो. तुम्ही सहज टाकलेला असतो आणि समोरच्याच्या स्क्रीनवर तो डोळे वटारून उभा असतो.

यात पदाचं ओझं वेगळंच. वरच्याचा अंगठा खाली येताना जड होतो, कारण खालच्याला पुन्हा विचारायचा खर्च जास्त असतो. बरोबरीच्याने अंगठा दिला तर आपण सरळ लिहितो, 'अरे अंगठा काय देतोस, सांग ना.' साहेबांना लिहून दाखवा. उलट्या दिशेची तऱ्हा निराळी. साहेबांच्या सूचनेखाली नव्या मुलाने नुसता अंगठा दिला तर साहेबांना तो आगाऊ वाटतो, त्यांना 'येस सर' हवं असतं. पण ती सवय साहेबांनी बदलावी असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी रिॲक्शन येण्याआधीचे ग्रुप भोगलेत त्यांना आठवत असेल, 'उद्या पाणी येणार नाही' या एका ओळीखाली तीस जणांचं 'नोटेड सर', आणि प्रत्येकाचा फोन तीस वेळा खणखणायचा. व्हॉट्सॲपवर २०२२ पासून मेसेजवरच अंगठा चिकटवता येतो, त्याची सूचना फक्त मूळ लिहिणाऱ्याला जाते आणि बाकीच्यांची झोपमोड होत नाही. निरोपासाठी यापेक्षा सभ्य पोच दुसरी नाही.

एका ठिकाणी मात्र मी अंगठ्याची कसलीही बाजू घेणार नाही. 'वडील ॲडमिट आहेत, उद्या येऊ शकणार नाही.' याला 👍. रजा मंजूर झाली, कामाच्या हिशोबाने उत्तर पूर्ण आहे. पण त्या वाक्यात रजा अर्धीच होती, उरलेल्या अर्ध्यात वडील होते. 'काळजी घे, इकडचं बघतो आम्ही' लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढा कुठल्याही साहेबाकडे असतो.

बाकी वरच्यांच्या सवयी आपल्या हातात नाहीत. आपला मेसेज आपल्या हातात आहे. आमच्या त्या मुलीने आता लिहायची पद्धत बदललीय आणि मला ती फार आवडली. ती 'हे की ते' विचारतच नाही. एका मेसेजमध्ये एकच गोष्ट, आणि तीसुद्धा पहिल्याच ओळीत, लॉक स्क्रीनवर दिसेल अशी: 'सर, दोन व्हेंडरचं उद्याचं पेमेंट होल्ड करतेय, चालेल ना?' मेल कुणी करायचा, हा दुसरा मेसेज. आता याला अंगठा आला तर त्याचा एकच अर्थ निघतो. या महिन्यात पहिल्या मेसेजला अंगठा आला. दुसऱ्याला 'परचेसला सांग' असं चक्क लिहून आलं, सर तेव्हा बहुतेक सिग्नलला नव्हते.