रिमाइंडरचा मेसेज बदलला आणि कन्फर्मेशन वाढली? थांबा जरा

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. तिचं डेंटल क्लिनिक आहे. आवाजात एकदम उत्साह, अगं मागच्या महिन्यात रिमाइंडरचा मेसेज बदलला ना, कन्फर्मेशन एकदम वाढली, तू पण हाच मेसेज घे. मी विचारलं जुना मेसेज कुणाला गेला या महिन्यात? म्हणाली कुणालाच नाही, सगळ्यांना नवाच. म्हटलं मग वाढली ती मेसेजमुळे हे कशावरून ठरवलंस? मागच्या महिन्यात परीक्षा होत्या, या महिन्यात सुट्ट्या आहेत, शिवाय तुझी रिसेप्शनची मुलगी बदलली. ती थोडी वैतागली माझ्यावर, पण ठीक आहे, मी स्वतः याच खड्ड्यात दोनदा पडलेय म्हणून बोलायचा हक्क आहे मला.

मी एका फिजिओथेरपी सेंटरची अपॉइंटमेंटची बाजू बघते. आदल्या दिवशी पेशंटला मेसेज जातो आणि त्यांनी 1 पाठवलं की कन्फर्म. आम्हाला दोन मेसेज तुलना करून बघायचे होते. पहिला साधा: "उद्या 11 वाजता तुमची अपॉइंटमेंट आहे. कन्फर्म करण्यासाठी 1 पाठवा." दुसरा: "उद्या 11 ची वेळ तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. कन्फर्म करण्यासाठी 1 पाठवा." फक्त "राखून ठेवली आहे" एवढाच फरक. बाकी पाठवायची वेळ तीच, नंबर तोच, शेवटची ओळ तीच. कारण एक मेसेज दुपारी आणि दुसरा रात्री नऊला गेला तर तुम्ही शब्द नाही, वेळ तपासताय.

आता दोन गट. इथेच बहुतेक लोक घसरतात, आम्हीही घसरलो. पहिल्यांदा आम्ही सोमवार-बुधवारच्या पेशंटना एक आणि मंगळवार-गुरुवारच्या पेशंटना दुसरा असं केलं, सोपं पडतं ना. पण आमच्याकडे बुधवारी बसतात त्या डॉक्टरांकडे ऑपरेशननंतरचे पेशंट जास्त, ते तसेही चुकवत नाहीत. म्हणजे मेसेज काहीही पाठवला असता तरी तो गट वरच राहणार होता. दोन गट सारखे म्हणजे दिसायला सारखे नव्हे, कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरलं पाहिजे, त्यात आपला, डॉक्टरांचा किंवा पेशंटच्या सोयीचा हात नको.

मग दुसऱ्यांदा शहाणपण केलं, एक्सेलमध्ये नावांशेजारी =RAND() टाकलं, त्यावर सॉर्ट केलं, वरचे अर्धे पहिल्या गटात आणि खालचे दुसऱ्यात. छान. फक्त एक गोष्ट माहीत नव्हती, ते आकडे शीटमध्ये काहीही टाइप केलं की बदलतात! दुसऱ्या दिवशी कुणीतरी शीट परत सॉर्ट केली आणि निम्मी माणसं या गटातून त्या गटात गेली. म्हणून आकडे आले की लगेच कॉपी करून व्हॅल्यू म्हणून पेस्ट करायचे, मग ते तिथेच थिजतात. आणि गट माणसाला द्यायचा, अपॉइंटमेंटला नाही. फिजिओचा पेशंट आठवड्यात तीनदा येतो, त्याला सोमवारी एक मेसेज आणि बुधवारी दुसरा गेला तर तो कुठल्या मेसेजमुळे कन्फर्म करतोय ते देवाला माहीत. माणसाचा गट एकदा ठरला की शेवटपर्यंत तोच, आणि मोजायचं पण माणसाचं पहिलंच रिमाइंडर, नाहीतर दहादा येणाऱ्या एका सिन्सियर आजोबांची दहा मतं पडतात.

घरातल्या दोघांचा एकच मोबाइल असतो तो वेगळाच घोळ. सासूबाईंना एक मेसेज, सुनेला दुसरा, दोन्ही एकाच फोनवर. म्हणून आम्ही आधी मोबाइल नंबरप्रमाणे यादी लावतो आणि एका नंबरला एकच गट. नवे पेशंट आणि जुने पेशंट यांच्या याद्याही वेगळ्या करून प्रत्येकीत स्वतंत्र चिठ्ठ्या टाकतो, कारण पहिल्यांदा येणारा माणूस आणि सहा महिने येणारा माणूस यांचं वागणं फार वेगळं, ते दोन्ही गटांत सारखे पडलेलेच बरे.

आता आकडे. समजा प्रत्येक गटात 200 माणसं. साध्या मेसेजला 124 जणांनी कन्फर्म केलं म्हणजे 62 टक्के, "राखून ठेवली" ला 136, म्हणजे 68 टक्के. बघताक्षणी वाटतं की संपलं, दुसरा जिंकला. पण हा फरक 12 माणसांचा आहे. हिशोब मांडला तर 200-200 च्या गटांत या 6 च्या फरकाला दोन्ही बाजूंनी साधारण 9 टक्क्यांची सैल जागा आहे, म्हणजे खरा फरक 15 पण असू शकतो आणि उलट साध्याच मेसेजच्या बाजूने 3 पण असू शकतो. पटत नसेल तर एक गंमत करा, दोन्ही गटांना अगदी तोच मेसेज पाठवा, अक्षरही न बदलता. 200-200 माणसांत दहापैकी साधारण तीन वेळा तरी 5 टक्के किंवा त्याहून जास्त फरक दिसेल. काहीच बदललं नसताना! आम्ही मोठी टेस्ट सुरू करायच्या आधी हे एकदा मुद्दाम करतो. गटांची वाटणी किंवा मोजणी कुठे बिघडली असेल तर तिथेच खूप मोठा फरक दिसून पकडली जाते, आणि शिवाय ऑफिसमधल्या सगळ्यांचा उत्साह जरा जमिनीवर येतो.

62 आणि 68 मधला फरक खात्रीने पकडायचा (म्हणजे खरा असेल तर पाचपैकी चार वेळा तरी दिसावा) तर प्रत्येक गटात हजारच्या आसपास माणसं लागतात. 200 मध्ये फक्त 13 टक्क्यांच्या आसपासचा फरक असेल तर तसा दिसतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, छोटं सेंटर असेल तर एखाद-दुसरा शब्द बदलून टेस्ट करण्यात वेळ घालवू नका, उत्तर मिळणारच नाही, नुसता भास मिळेल. मोठा बदल असेल तर करा. आणि किती माणसांवर थांबायचं ते आधी लिहून ठेवा. रोज संध्याकाळी शीट उघडून ज्या दिवशी आपला आवडता मेसेज पुढे दिसतो त्या दिवशी टेस्ट बंद केली तर कुठलाही मेसेज जिंकवता येतो. (आमच्याकडे एक सर आहेत त्यांना दर दोन दिवसांनी "कोण पुढे आहे?" लागतं, जणू क्रिकेटचा स्कोअर. मी आता सांगतच नाही.)

मोजणीतली एक चूक मात्र आमच्याच हातून झाली आणि ती सांगितलीच पाहिजे. मधे आम्ही एक प्रश्नाचा मेसेज पाठवून बघितला, "उद्या 11 वाजता येणार आहात ना? 1 पाठवून कळवा." सॉफ्टवेअरने दाखवलं की कन्फर्मेशन धाडकन खाली. मला खरं वाटेना म्हणून सगळे रिप्लाय एकेक उघडून वाचले. लोकांनी प्रश्नाला उत्तर दिलं होतं हो! "हो", "येतोय", "हो मॅडम", नुसता अंगठा. सॉफ्टवेअर फक्त 1 मोजत होतं, बाकी सगळे "उत्तर नाही" मध्ये. तेव्हापासून नियम केला, ज्याला गट माहीत नाही अशा माणसाने रिप्लाय वाचून हो, नाही किंवा मोघम असं लिहायचं. आणि भागायचं ते पाठवलेल्या सगळ्यांनी, फक्त वाचलेल्यांनी नाही, कारण मेसेज उघडायचा की नाही हे सुद्धा नोटिफिकेशनमध्ये दिसणाऱ्या पहिल्या शब्दांवरच ठरतं. साध्या एसएमएसवर देवनागरीत 70 अक्षरांपुढे गेलं की एकाचे दोन मेसेज होतात, तेही लक्षात ठेवा, लांबी पण बदलतेय.

आता माझा खरा मुद्दा. कन्फर्मेशन म्हणजे येणं नव्हे. समजा दोन मेसेज आहेत, एकात फक्त "कन्फर्मसाठी 1", दुसऱ्यात "येणार असाल तर 1, जमणार नसेल तर 2". हजार-हजार माणसं. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतेय. पहिल्यात 640 कन्फर्म, 360 गप्प, प्रत्यक्ष आले 850, म्हणजे 150 वेळा न सांगता रिकाम्या. दुसऱ्यात 610 कन्फर्म, 110 जणांनी 2 पाठवलं, 280 गप्प, आले 775, न सांगता चुकवणारे 115. कन्फर्मेशन बघितली तर पहिला जिंकला. न सांगता चुकवणारे बघितले तर दुसरा. आणि प्रत्यक्ष आलेले बघितले तर परत पहिला, कारण 2 चा रस्ता इतका सोपा ठेवल्यावर एरवी कुरकुरत का होईना आले असते असे काही जण पण सुटले. मग कुठला घ्यायचा? ते तुमच्या वेटिंग लिस्टवर आहे. त्या 110 रिकाम्या झालेल्या वेळांपैकी 75 पेक्षा जास्त तुम्ही आदल्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाला देऊ शकत असाल तर दुसरा मेसेज, नसाल तर पहिला. लांब वेटिंग लिस्टवाल्या डॉक्टरला आणि नुकतंच सुरू केलेल्याला एकाच टेस्टमधून उलट उत्तर मिळेल आणि दोघंही बरोबर असतील.

लंडनच्या हॉस्पिटलांमध्ये अशीच टेस्ट झाली होती, 2015 मध्ये छापून आली. चार मेसेज, दहा हजारांच्या आसपास पेशंट. नुसत्या साध्या मेसेजला 11.1 टक्के लोक आले नाहीत, आणि अपॉइंटमेंट चुकवली तर आरोग्य सेवेला अमुक खर्च येतो असं आकड्यासकट लिहिलं तेव्हा 8.4 टक्के. बघा, त्यांनी कन्फर्मेशन मोजलीच नाहीत, कोण आलं नाही तेच मोजलं. आणि फरक तीन टक्क्यांच्याही आतला, तो दाखवायला इतकी माणसं लागली.

मैत्रिणीला आता मी माझी शीट पाठवलीय, चिठ्ठ्यांच्या कॉलमसकट. तिच्याकडे महिन्याला दीडशे नवे-जुने पेशंट. म्हणाली हजार-हजार व्हायला वर्ष जाईल गं. म्हटलं मग "राखून ठेवली" वगैरे सोड, 2 चा पर्याय देऊन बघ, तो बदल मोठा आहे, आणि कन्फर्मच्या कॉलमशेजारी एक "आले" चा कॉलम आजच काढ.